मेंडेलचे वाटाणे आणि वर्गांची बेरीज

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात ३:१ हे गुणोत्तर सगळ्यांनी पाहिलेले असते. ग्रेगॉर मेंडेलने ब्र्नो येथील मठाच्या बागेत वाटाण्याचे संकर केले. दुसऱ्या पिढीत गोल दाण्यांची आणि सुरकुतलेल्या दाण्यांची संख्या तीनास एक या प्रमाणात आली, असे आपण पाठ करतो. प्रत्यक्षात त्याने १८६६ मध्ये छापलेले आकडे असे आहेत: गोल ५४७४, सुरकुतलेले १८५०. भागाकार केला तर २.९६ येतात, ३ नव्हे.

मग हे ३:१ च्या जवळ आहे असे म्हणायचे की नाही? आणि किती जवळ म्हणजे पुरेसे जवळ? हा प्रश्न एका प्रयोगापुरता सोपा आहे. पण मेंडेलने असे अनेक प्रयोग केले, आणि प्रत्येकात थोडा थोडा फरक निघाला. त्या सगळ्या फरकांचा एकत्र हिशेब कसा मांडायचा? रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये हा हिशेब मांडला आणि विचित्र निष्कर्षावर पोचला: मेंडेलचे आकडे अपेक्षेच्या इतके जवळ आहेत की ते जवळ असणेच संशयास्पद आहे.

असा निष्कर्ष काढायला आधी हे माहीत हवे की निव्वळ योगायोगाने किती फरक पडायला हवा होता. त्या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या वक्राचे नाव काय-वर्ग वितरण. ‘काय’ हे χ या ग्रीक अक्षराचे नाव. तो वक्र कुठून येतो, ते इथे पायरीपायरीने पाहू. वाटेत थोडे गणित लागेल, पण एकही पायरी गाळणार नाही.

फरकाला मोजपट्टी

एकूण दाणे ७३२४. त्यांचा चौथा हिस्सा १८३१. म्हणजे सुरकुतलेले दाणे अपेक्षेपेक्षा १९ जास्त निघाले. १९ हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. शंभर दाण्यांत १९ जास्त निघाले असते तर ती मोठी बातमी होती. सात हजारांत कदाचित किरकोळ.

प्रत्येक दाणा स्वतंत्रपणे, एक-चतुर्थांश संभाव्यतेने सुरकुतलेला निघतो असे धरले, तर एकूण संख्या सहजगत्या किती इकडेतिकडे होईल ते मोजता येते. त्या मापाला प्रमाण विचलन म्हणतात. इथे ते ७३२४ × ¼ × ¾ या गुणाकाराचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ३७.०६ आहे. आता १९ ला ३७.०६ ने भागले की ०.५१३ मिळतात. फरक अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा आहे. या भागाकाराला Z म्हणू. त्याला एकक उरत नाही, म्हणून सात हजार दाण्यांच्या प्रयोगाची तुलना सहाशे झाडांच्या प्रयोगाशी करता येते.

दाण्यांची संख्या मोठी असेल तेव्हा Z चे वागणे एका प्रसिद्ध घंटाकृती वक्राने सांगता येते. हे अब्राहम द म्वाव्रने १७३३ मध्ये दाखवले. वक्राची सरासरी ० आणि प्रमाण विचलन १. यालाच प्रमाणित प्रसामान्य वितरण म्हणतात. त्याचे घनता फल असे:

φ(z) = (1/√(2π)) · e^(−z²/2)

घनता फल म्हणजे संभाव्यता नव्हे, हे इथेच नोंदवून ठेवू. वक्राखालच्या एखाद्या पट्टीचे क्षेत्रफळ ही त्या पट्टीत Z सापडण्याची संभाव्यता असते, आणि सगळे क्षेत्रफळ मिळून १ होते. ही शेवटची अट पुढे तीनदा कामाला येणार आहे.

अनेक प्रयोगांचे Z नुसतेच मिळवले तर अधिक आणि उणे एकमेकांना खाऊन टाकतील. एका प्रयोगात १९ जास्त, दुसऱ्यात १९ कमी, आणि बेरीज शून्य. जणू दोन्ही प्रयोग बिनचूक झाले. म्हणून वर्ग घ्यायचे आणि मग बेरीज करायची. कार्ल पिअर्सनने १९०० मध्ये प्रत्येक गटासाठी ‘फरकाचा वर्ग भागिले अपेक्षित संख्या’ असे काढून त्यांची बेरीज करायला सांगितले. आपल्या प्रयोगात दोन गट आहेत, गोल आणि सुरकुतलेले. दोन्हींत फरक १९ चाच:

361/5493 + 361/1831 = 0.263

आणि Z चा वर्ग, म्हणजे ०.५१३ चा वर्ग, हाही ०.२६३ च. हा योगायोग नाही. गट दोन आहेत, पण गोल दाणे १९ ने कमी झाले की सुरकुतलेले १९ ने वाढणारच. मोकळा फरक एकच आहे. म्हणून दोन अपूर्णांकांच्या बेरजेत एकच Z² दडलेला असतो. गट चार असतील तर तीन Z². या मोकळ्या फरकांच्या संख्येला स्वातंत्र्य कोटी म्हणतात. ती आपण k ने दाखवू.

तर आता नेमका प्रश्न असा: एकमेकांपासून स्वतंत्र असे k प्रमाणित प्रसामान्य चल घेतले, त्यांचे वर्ग केले आणि मिळवले, तर त्या बेरजेचे घनता फल काय?

एका वर्गाची घनता

k = १ पासून सुरुवात करू. Z² हा x पेक्षा लहान असणे म्हणजे Z हा −√x आणि +√x यांच्या दरम्यान असणे. ती संभाव्यता म्हणजे घंटेच्या मधल्या पट्टीचे क्षेत्रफळ. आता x थोडासा वाढवला तर पट्टी दोन्ही कडांनी थोडी रुंदावते. प्रत्येक कडेची उंची φ(√x) आहे. आणि x जेवढा वाढतो त्याच्या 1/(2√x) पट √x वाढतो. हा वर्गमुळाच्या विकलनाचा नेहमीचा नियम. कडा दोन, म्हणून दोनाने गुणायचे:

f(x) = 2 · φ(√x) · 1/(2√x) = (1/√(2π)) · x^(−1/2) · e^(−x/2)

हे फल x धन असतानाच लागू. वर्ग ऋण होत नाही.

या वक्राचा आकार घंटेसारखा मुळीच नाही. शून्याजवळ तो वर वर जात अनंताला भिडतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते की काहीतरी चुकले. पण कारण सरळ आहे. लहान संख्यांचे वर्ग फारच लहान होतात: Z जर −०.१ ते ०.१ या पट्ट्यात असेल तर Z² फक्त ० ते ०.०१ एवढ्या चिंचोळ्या जागेत येऊन बसतो. घंटेचा सर्वांत उंच भाग शून्यापाशी दाबला जातो, म्हणून घनता तिथे फुगते. क्षेत्रफळ मात्र मर्यादितच राहते, कारण x^(−1/2) चे शून्यापासूनचे संकलन 2√x एवढेच होते. पट्टी उंच होते त्याहून वेगाने ती अरुंद होत जाते.

या फलाच्या रचनेकडे नीट पाहू. त्यात तीन तुकडे आहेत: एक स्थिरांक, x चा एक घात आणि e चा एक उतरता घात. ही रचना एका मोठ्या कुटुंबाची ओळखखूण आहे.

गॅमा कुटुंब

गॅमा कुटुंबातल्या प्रत्येक घनता फलाचे रूप असे असते:

g(x) = C · x^(a−1) · e^(−bx), x > 0

इथे a आणि b दोन्ही धन. a ला आकारांक म्हणू, कारण शून्यापाशी वक्र कसा वागेल आणि शिखर कुठे येईल ते तो ठरवतो. b ला दर म्हणू, कारण उजवीकडची शेपूट किती वेगाने उतरेल ते तो ठरवतो. C हा स्थिरांक स्वतंत्रपणे निवडता येत नाही. एकूण क्षेत्रफळ १ व्हायलाच हवे, त्यामुळे a आणि b ठरले की C आपोआप ठरतो:

C = b^a / Γ(a)

Γ(a) हे गॅमा फल. x^(a−1) · e^(−x) या फलाचे शून्यापासून अनंतापर्यंतचे क्षेत्रफळ म्हणजेच Γ(a). लिओनार्ड ऑयलरने अठराव्या शतकात ते मांडले, तेव्हा त्याला फॅक्टोरियलचा अर्थ पूर्णांकांच्या पलीकडे न्यायचा होता. Γ(1) = 1, Γ(2) = 1, Γ(3) = 2, Γ(4) = 6; आणि प्रत्येक वेळी Γ(a+1) = a · Γ(a).

आता आपल्या एका वर्गाचे फल शेजारी ठेवू. x चा घात −१/२ आहे, म्हणजे a − 1 = −1/2, म्हणून a = 1/2. e च्या घातात −x/2 आहे, म्हणून b = 1/2. बस. Z² हा गॅमा कुटुंबातलाच आहे, आकारांक अर्धा आणि दर अर्धा.

स्थिरांक जुळतो का? गॅमाच्या सूत्राप्रमाणे तो √(1/2) / Γ(1/2) असायला हवा. आपल्या फलात तो 1/√(2π) आहे. दोन्ही वक्रांचे x वर अवलंबून असणारे भाग तंतोतंत एकच आहेत आणि दोन्हींचे क्षेत्रफळ १ आहे. मग स्थिरांक वेगळे असूच शकत नाहीत. त्यामुळे Γ(1/2) = √π हे निघालेच. अर्ध्याच्या फॅक्टोरियलसारख्या गोष्टीत π कुठून आला असा प्रश्न पडतो, त्याचे एक उत्तर हे: तो प्रसामान्य घंटेच्या स्थिरांकातून आला.

दोन गॅमा मिळवले की

सगळ्या सिद्धतेचा कणा या पायरीत आहे. दोन स्वतंत्र गॅमा चल घ्या, आकारांक a आणि c, पण दर दोन्हींचा एकच, b. त्यांच्या बेरजेची घनता काय?

समजा एकूण x रुपये दोन खिशांत आहेत. पहिल्या खिशात t असतील तर दुसऱ्यात x − t. एकूण x होण्याची घनता हवी असेल तर ० पासून x पर्यंतच्या प्रत्येक t साठी ‘पहिल्यात t’ आणि ‘दुसऱ्यात x − t’ यांच्या घनतांचा गुणाकार करायचा आणि सगळे गुणाकार जमा करायचे. गुणाकार करता येतो तो दोन्ही चल स्वतंत्र आहेत म्हणूनच. तो गुणाकार, स्थिरांक बाजूला ठेवून, असा:

t^(a−1) · e^(−bt) · (x−t)^(c−1) · e^(−b(x−t))

आता e चे दोन घात एकत्र करा. −bt आणि −bx + bt. t नाहीसा झाला, उरले e^(−bx). वाटणी कशीही असो, हा भाग बदलत नाही, म्हणून तो संकलनाच्या बाहेर काढता येतो. दोन्हींचा दर एकच आहे म्हणून हे जमले. दर वेगळे असते तर t मागे उरला असता आणि बेरीज गॅमा कुटुंबाबाहेर गेली असती.

आत राहिले t^(a−1) · (x−t)^(c−1). इथे t = xu असे लिहू; u म्हणजे एकूण रकमेतला पहिल्या खिशाचा हिस्सा, ० ते १. मग पहिल्या गुणकातून x^(a−1) बाहेर येतो, दुसऱ्यातून x^(c−1), आणि dt = x du मधून आणखी एक x. तिन्ही मिळून x^(a+c−1). आत फक्त u वर अवलंबून असणारे संकलन उरते. त्यात x कुठेच नाही, त्यामुळे ते नुसता एक आकडा आहे.

म्हणून बेरजेची घनता:

(काही स्थिरांक) · x^(a+c−1) · e^(−bx)

हे पुन्हा गॅमा रूपच आहे, आकारांक a + c, दर b. स्थिरांक शोधायला वेगळे कष्ट नकोत; एकूण क्षेत्रफळ १ या अटीने तो b^(a+c) / Γ(a+c) असायलाच हवा. मला या सिद्धतेतला हा भाग सर्वांत देखणा वाटतो. जे संकलन करायला अवघड आहे त्याला हात न लावता, त्याचे उत्तर काय असणार हे आपण दुसऱ्या बाजूने ठरवून टाकतो.

पुढचे काम सरळ आहे. प्रत्येक Z² चा आकारांक अर्धा आणि दर अर्धा. असे k मिळवले की आकारांक k/2 होतो, दर तोच राहतो. सूत्रात घातले की:

f(x) = x^(k/2 − 1) · e^(−x/2) / ( 2^(k/2) · Γ(k/2) ), x > 0

हेच k स्वातंत्र्य कोटींचे काय-वर्ग वितरण. जर्मन भूमापनशास्त्रज्ञ फ्रीड्रिख हेल्मर्टने मोजमापांच्या चुका अभ्यासताना हे फल पिअर्सनच्या पंचवीसेक वर्षे आधी काढले होते. पिअर्सनने ते गटवार मोजणीच्या कसोटीला जोडले आणि तेव्हापासून ते सर्वत्र पोचले.

---
चौकट: साखळी एका नजरेत

Z चा वर्ग → गॅमा (आकारांक 1/2, दर 1/2)

दर समान असलेल्या स्वतंत्र गॅमांची बेरीज → आकारांकांची बेरीज, दर तोच

k वर्गांची बेरीज → गॅमा (आकारांक k/2, दर 1/2)

सरासरी k, प्रमाण विचलन √(2k)
---

वक्र कसा बदलत जातो

सरासरी k का, ते तोंडी सांगता येते. Z ची सरासरी ० आणि प्रमाण विचलन १, म्हणजे Z² ची सरासरी १. असे k मिळवले की k. प्रमाण विचलनासाठी Z च्या चौथ्या घाताची सरासरी लागते; ती ३ आहे. ३ मधून १ चा वर्ग वजा करून २ उरतात, म्हणून k पदांसाठी 2k, आणि त्याचे वर्गमूळ.

k = १ ला वक्र शून्यापाशी अनंत आहे. k = २ ला x चा घात शून्य होतो आणि उरते ते फक्त ½·e^(−x/2). शून्यापाशी उंची अर्धा, तिथून सतत उतार. k = ३ पासून मात्र वक्र शून्यापाशी शून्यच असतो, वर चढतो, k − 2 पाशी शिखर गाठतो आणि उजवीकडे लांब शेपूट ठेवून उतरतो. प्रत्येक Z ची सर्वाधिक घनता शून्यापाशीच आहे, तरी तीन वर्गांची बेरीज शून्याजवळ क्वचितच सापडते. कारण बेरीज लहान होण्यासाठी तिघेही एकाच वेळी लहान असावे लागतात, आणि जितके भागीदार वाढतील तितके ते कठीण. फिशरच्या संशयाचे मूळ याच गोष्टीत आहे.

k = २ ची सोय लगेच वापरून पाहू. मेंडेलच्या दुसऱ्या प्रयोगात पिवळे दाणे ६०२२, हिरवे २००१. एकूण ८०२३, चौथा हिस्सा २००५.७५, फरक ४.७५, प्रमाण विचलन ३८.७९. Z² फक्त ०.०१५. पहिल्या प्रयोगातला ०.२६३ मिळवला की ०.२७८. बेरीज याहून मोठी येण्याची संभाव्यता k = २ साठी e^(−x/2), म्हणजे e^(−0.139), सुमारे ०.८७. म्हणजे मेंडेलचा नियम पूर्ण खरा असला तरी शंभरातल्या ८७ वेळा याहून जास्त फरक दिसायला हवा. छान जुळले, पण त्यात नवल नाही.

सात प्रयोग, आणि मग चौऱ्याऐंशी

मेंडेलने ३:१ चे असे सात गुणधर्म तपासले. उरलेल्या पाचांत त्याला ७०५ आणि २२४, ८८२ आणि २९९, ४२८ आणि १५२, ६५१ आणि २०७, ७८७ आणि २७७ असे आकडे मिळाले. प्रत्येकाचा Z² वरच्याप्रमाणे काढला तर ते अनुक्रमे ०.३९१, ०.०६४, ०.४५१, ०.३५० आणि ०.६०७ येतात. वाचकाने हे कागदावर करून पाहावे. प्रत्येकाला दोन मिनिटे लागतात. सातांची बेरीज २.१३९.

सात Z² ची अपेक्षित बेरीज ७ आहे. इथे प्रत्येक Z² एकापेक्षा कमी आहे, आणि बेरीज अपेक्षेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडी कमी. k = ७ च्या काय-वर्ग वक्राखाली ० पासून २.१३९ पर्यंतचे क्षेत्रफळ सुमारे ०.०४८ भरते. वीस मेंडेलांपैकी एकाला इतके चांगले आकडे सहज मिळाले असते. भुवया उंचावतील, पण एवढ्यावरून कुणी काही म्हणू नये.

फिशर इथे थांबला नाही. दोन आणि तीन गुणधर्मांचे एकत्र प्रयोग, पुढच्या पिढ्यांची तपासणी, असे मेंडेलच्या शोधनिबंधातले सगळे मोजता येण्याजोगे निकाल त्याने घेतले. वेगवेगळ्या प्रयोगांचे काय-वर्ग थेट मिळवता येतात हे आता आपल्याला माहीत आहे: सगळ्यांचा दर अर्धा, म्हणून आकारांक मिळवायचे. एकूण स्वातंत्र्य कोटी ८४ झाल्या. एकूण बेरीज ४१.६.

अपेक्षा ८४ ची, आली निम्मी. किती दुर्मीळ?

इथे तीन वाटा आहेत आणि त्या वेगवेगळी उत्तरे देतात. पहिली वाट: k मोठा आहे, तर वक्र घंटेसारखाच झाला असे समजायचे. प्रमाण विचलन √168, म्हणजे १२.९६. ४१.६ हे ८४ पासून ३.२७ प्रमाण विचलने खाली. घंटेच्या कोष्टकातून लाखात सुमारे ५४. दुसरी वाट फिशरची स्वतःची: काय-वर्गाच्या दुपटीचे वर्गमूळ अधिक चांगले घंटाकृती असते, म्हणून √83.2 आणि √167 यांतला फरक घ्यायचा. तो −३.८० येतो आणि संभाव्यता लाखात ७. फिशरने हाच आकडा छापला.

तिसरी वाट अचूक आहे, आणि ती गॅमाच्या आकारांकातूनच निघते. k सम असला की k/2 पूर्णांक होतो, इथे ४२. पूर्णांक आकारांकाच्या गॅमाला एक सोपा अर्थ आहे: ठरावीक सरासरी दराने, एकमेकींशी संबंध न ठेवता घडणाऱ्या घटनांपैकी ४२ वी घटना घडेपर्यंतचा काळ. k = २ चा ½·e^(−x/2) हा वक्र म्हणजे पहिल्या घटनेपर्यंतचा काळ, आणि असे ४२ काळ एकापुढे एक मांडले की आपली बेरीज. आता ‘४२ वी घटना x च्या आत घडली’ आणि ‘x एवढ्या काळात किमान ४२ घटना घडल्या’ ही दोन्ही वाक्ये एकच गोष्ट सांगतात. दर अर्धा असल्यामुळे ४१.६ एवढ्या काळात सरासरी २०.८ घटना अपेक्षित. प्रश्न एवढाच उरला की सरासरी २०.८ असताना ४२ किंवा जास्त घटना घडण्याची संभाव्यता काय. नेमक्या n घटना घडण्याची संभाव्यता प्वासाँच्या सूत्राने मिळते:

e^(−20.8) · 20.8^n / n!

n = 42 साठी हे सुमारे 0.000015. पुढचे प्रत्येक पद मागच्याच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे सात-आठ पदांत बेरीज स्थिरावते: 0.000029. लाखात सुमारे ३.

५४, ७ आणि ३. प्रश्न एकच, आकडे एकच. पहिली वाट इतकी का चुकली? काय-वर्गाचा वक्र डावीकडे शून्याच्या भिंतीने अडवलेला असतो. त्याची डावी शेपूट घंटेच्या शेपटीपेक्षा आखूड आणि उजवी लांब असते. ८४ स्वातंत्र्य कोटींनाही ही विषमता पुरती जात नाही. मधल्या भागात घंटा चालते, टोकाला नाही. कोष्टकाऐवजी अंदाज वापरणाऱ्याने हे लक्षात ठेवलेले बरे: डाव्या टोकाला घंटा दुर्मिळता कमी दाखवते, उजव्या टोकाला जास्त.

गृहीतके तपासून पाहू

लाखात ३ हा आकडा मेंडेलबद्दल नाही. तो आपल्या गृहीतकांबद्दल आहे: प्रयोग एकमेकांपासून स्वतंत्र, Z पुरेसा प्रसामान्य, आणि प्रमाण विचलन बरोबर धरलेले. यातले प्रसामान्यतेचे गृहीतक मेंडेलच्या मोठ्या संख्यांत फारसे अडत नाही. एखाद्या गटात अपेक्षित संख्या पाचाच्या खाली गेली की मात्र वरची साखळी पहिल्याच कडीला तुटते, कारण मग Z हा घंटेप्रमाणे वागत नाही. म्हणून लहान गट एकत्र करण्याची प्रथा आहे.

तिसरे गृहीतक अधिक नाजूक. आपण प्रत्येक दाणा स्वतंत्र धरला. वाटाण्याच्या परागकणांची किंवा बीजांडांची वाटणी निसर्गात त्याहून समतोल होत असेल, तर खरे प्रमाण विचलन आपण धरल्याहून लहान निघेल आणि प्रत्येक Z² सारख्याच प्रमाणात आखडेल. गॅमाच्या भाषेत: आकारांक ४२ च राहील, पण दर अर्ध्याहून मोठा होईल. ४१.६ ही बेरीज अगदी सरासरी ठरण्यासाठी दर जवळपास १ व्हावा लागेल, म्हणजे प्रमाण विचलनाचा खरा वर्ग आपल्या सूत्राच्या निम्मा असावा लागेल. मेंडेलचा बचाव करणाऱ्यांना एवढी मोठी घट दाखवावी लागते. थोडी घट पुरत नाही.

फिशरचा स्वतःचा तर्क असा होता की काय उत्तर यायला हवे हे चांगले ठाऊक असलेल्या एखाद्या मदतनिसाने आकडे जुळवले असावेत. त्याला हे सुचले ते केवळ ८४ च्या बेरजेतून नाही. एका छोट्या प्रयोगाने त्याला अधिक अस्वस्थ केले. उंच झाड शुद्ध की मिश्र हे दिसत नाही, म्हणून मेंडेल अशा काही गुणधर्मांसाठी प्रत्येक झाडाच्या दहा बिया पेरून पाही. दहापैकी एकही वेगळी निघाली नाही तर झाड शुद्ध. अशा ६०० झाडांत त्याला २०१ शुद्ध आणि ३९९ मिश्र मिळाली. अपेक्षा १:२ ची, म्हणजे २०० आणि ४००. फरक एकाचा, Z² ०.००७५.

पण मिश्र झाडाच्या दहाही बिया सारख्या निघण्याची संभाव्यता (3/4)^10, म्हणजे ०.०५६ आहे. ४०० मिश्र झाडांपैकी साडेबावीस तरी चुकून शुद्धात मोजली जायला हवीत. खरी अपेक्षा २२२.५ ची. तिच्याशी ताडून पाहिले तर २०१ चा फरक २१.५ होतो, प्रमाण विचलन ११.८३, आणि Z² ३.३. एका स्वातंत्र्य कोटीच्या वक्रावर ३.३ च्या पलीकडे पडण्याची संभाव्यता शंभरात सुमारे ७. गंमत अशी की ०.००७५ च्या अलीकडे पडण्याची संभाव्यताही तीच, शंभरात सुमारे ७. एकाच आकड्याला चुकीच्या अपेक्षेशी ताडले तर तो फार जवळ ठरतो आणि बरोबर अपेक्षेशी ताडले तर बराच दूर. मेंडेलने दहा बियांची ही चूक लक्षात घेतली नव्हती, आणि निकाल त्याने न दुरुस्त केलेल्या अपेक्षेला चिकटून आले.